लेखक नाही, तारीख नाही, आणि मूळ पानही उघडत नाही: संदर्भ कसा लिहायचा?

प्रश्न: ताई, मी बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर मराठीत प्रबंध लिहितेय. संदर्भ एपीएच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे द्यायचे आहेत. ‘बडोद्यातील ग्रंथालये’ नावाच्या एका वेबपानावर ना लेखकाचं नाव, ना तारीख; पत्त्याच्या शेवटी .asp आहे. शीर्षकाखाली फक्त ‘अ‍ॅडमिन’ आणि तळाशी © २०२१. ते पान मी २०२१ मध्ये वाचलं, प्रिंटही काढून ठेवली. आता ते उघडत नाही. वेबॅक मशीन या वेबपानांच्या आर्काइव्हवर त्याच्या दोन प्रती मिळाल्या, एक २०१३ ची आणि एक २०१८ ची. मग वर्ष कोणतं लिहू? पाहिल्याची तारीख द्यायची का? सर म्हणतात, तारखेशिवाय संदर्भ चालणार नाही.

उत्तर:

वर्षाच्या जागी २०१३, २०१८ किंवा २०२१ यांपैकी काहीच लिहू नकोस. तिथे ‘दिनांक नाही’ असं लिहायचं. लेखकाच्या जागी पानाचं शीर्षक येईल, आणि शेवटी वेबॅक मशीनच्या त्या प्रतीचा पूर्ण पत्ता. असं:

```
बडोद्यातील ग्रंथालये. (दिनांक नाही). संकेतस्थळाचे नाव.
https://web.archive.org/web/20180611052340/http://example.org/granthalaye.asp
```

पत्ता मी मुद्दाम नमुन्याचा घातलाय, तुझा खरा पत्ता तू घाल. आता हे असं का, आणि २०१८ चीच प्रत का, ते सांगते. तुझ्या सरांना उत्तर द्यायला लागेल तेव्हा नुसता नमुना पुरणार नाही.

तुझ्यासमोर तीन वेगवेगळ्या तारखा आहेत आणि तुझा गोंधळ त्या एकमेकींत मिसळल्यामुळे झालाय. मजकूर प्रसिद्ध कधी झाला, ही पहिली. आर्काइव्हच्या यंत्राने त्याची प्रत कधी घेतली, ही दुसरी. तू तो कधी वाचलास, ही तिसरी. कंसातली जागा फक्त पहिलीसाठी असते. पहिली ठाऊक नसली तर ती जागा दुसरीने किंवा तिसरीने भरायची नाही. २०१३ ची प्रत एवढंच सांगते की त्या दिवशी हे पान जागेवर होतं. ते त्या दिवशीच चढवलं होतं की चार वर्षं आधीपासून होतं, हे त्या प्रतीला माहीत नसतं. कंसात ‘(२०१३)’ लिहिलंस तर वाचणारा समजणार की लेखन २०१३ चं आहे, आणि त्यावरून चळवळीच्या इतिहासलेखनाचा क्रम लावायला बसणार.

तळाच्या © २०२१ वर तर अजिबात विसंबू नकोस. तो हक्काचा उल्लेख असतो, बऱ्याचदा सगळ्या संकेतस्थळाला मिळून एकच, आणि कित्येक ठिकाणी चालू वर्ष छापणारी एक ओळ कोडमध्ये टाकलेली असते. दर १ जानेवारीला ते आपोआप बदलतं. तुझ्याच दोन प्रतींच्या तळाशी बघ. एकीत २०१३ आणि दुसरीत २०१८ दिसलं, तर आणखी पुरावा लागणार नाही. ‘शेवटचे अद्ययावत’ या ओळीचंही तसंच. ती त्या पानाची आहे की सगळ्या साइटची, हे ओळखायची माझी साधी रीत आहे: त्याच साइटवरची एकमेकांशी संबंध नसलेली तीन पानं उघडायची. तिन्हींवर एकच तारीख असेल तर ती साइटची. पानागणिक वेगळी आणि त्या मजकुराचीच असेल तर एपीएला ती चालते, खुशाल वापर. फक्त ‘शेवटचे तपासले’ अशी नोंद असेल तर ती घ्यायची नाही, कारण तपासलं म्हणजे मजकूर बदललाच असं नाही.

तारीख लपलेली आहे का, हे शोधल्याशिवाय मात्र ‘दिनांक नाही’ लिहायचं नाही. आर्काइव्हची प्रत उघडून कीबोर्डवर Ctrl+U दाब. पानाचा कोड उघडेल. त्यात Ctrl+F ने हे शब्द शोध:

```
datePublished
article:published_time
dateModified
```

बऱ्याच नव्या साइट्सवर इथे तारीख सापडते, पानावर दिसत नसली तरी. पत्त्यातच /2014/06/ असे आकडे असतील तर तोही धागा आहे. पण इथेही एक खोच आहे. साइट जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवली की कधी कधी सगळ्या जुन्या लेखांना हलवल्याच्या दिवसाचीच तारीख चिकटते. मग १९९९ चा लेखही २०१६ चा दिसतो. हे पकडायला आर्काइव्ह उपयोगी पडतं. कोड म्हणतो २०१६ आणि वेबॅकवर त्याच मजकुराची प्रत २०१३ ची आहे, म्हणजे कोडमधली तारीख खोटी. तुझ्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी .asp आहे. ही जुनी यंत्रणा, तिथे असला कोड बहुतेक नसतोच. तरी एकदा बघून घे, दोन मिनिटांचं काम आहे.

एका युक्तीपासून मात्र लांब राहा, कारण तिने माझी चांगलीच फजिती केली होती. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये document.lastModified लिहिलं की पान शेवटचं कधी बदललं ते कळतं, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एक संशोधक आले होते. त्यांच्यासमोर मी मोठ्या ऐटीत ते करून दाखवलं. तारीख आली, त्यांनी वहीत उतरवून घेतली. चहा झाल्यावर पुन्हा दाखवायला गेले तर वेळ वीस मिनिटांनी पुढे सरकलेली! सर्व्हरने बदलाची तारीख पाठवली नसेल तर ब्राउझर सरळ आत्ताची वेळ दाखवतो. त्यांनी वहीतली ओळ खोडली आणि मला पुढे कित्येक दिवस ‘वीस मिनिटं’ या शब्दाचा राग यायचा.

आता लेखक. ‘अ‍ॅडमिन’ हा लेखक नव्हे, ते यंत्रणेतलं खात्याचं नाव आहे. ते लिहायचं नाही. ‘अज्ञात’ किंवा ‘अनामिक’ असंही आपल्या मनाने लिहायचं नाही. पानावरच तशी सही असेल तरच. मग उरतं ते असं की पान एखाद्या संस्थेचं आहे का? मजकूर संस्थेच्याच वतीने लिहिलाय, ‘आमचे ग्रंथालय’, ‘आम्ही १९१० पासून’ अशा भाषेत, तर संस्था हीच लेखक. तेव्हा संस्थेचं नाव पहिलं येतं आणि पुढे साइटचं नाव म्हणून तेच पुन्हा लिहायचं नाही. तुझ्या वर्णनावरून हे पान एखाद्या हौशी माहितीस्थळाचं वाटतं, संस्थेचा आवाज त्यात नाही. म्हणून मी शीर्षक पुढे आणलं. ‘आमच्याविषयी’ हे पान आर्काइव्हमध्ये असेल तर तेही उघडून बघ. लेखकाचं नाव बऱ्याचदा तिथे दडलेलं असतं. पण साइट चालवणारा आणि लेख लिहिणारा एकच, असं तिथे स्पष्ट म्हटलेलं नसेल तर नाव ओढून आणू नकोस.

आता दोन प्रतींपैकी कोणती? इथे बरेच जण जुनी प्रत निवडतात, जुनी म्हणजे अस्सल असं वाटून. चूक आहे. तू जे वाक्य उचललंस ते ज्या प्रतीत आहे तीच प्रत द्यायची. तुझी प्रिंट टेबलावर ठेव आणि दोन्ही प्रती शेजारी उघड. समजा तू फिरत्या ग्रंथालयांविषयीचा परिच्छेद घेतला आहेस. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना १९१० मध्ये बोलावलं, त्यानंतर बडोदा संस्थानात ग्रंथालयाचं काम कसं पसरलं, त्यातला तो भाग. २०१३ च्या प्रतीत हा परिच्छेदच नसेल आणि २०१८ च्या प्रतीत तुझ्या प्रिंटप्रमाणे शब्दशः असेल, तर २०१८. दोन्हींत असेल तर तू वाचलंस त्या तारखेच्या जवळची, म्हणजे पुन्हा २०१८. आणि दोन्हींत नसेल, फक्त तुझ्या प्रिंटमध्येच असेल, तर आर्काइव्हचा पत्ता देऊच नकोस. तो वाचकाला भलत्याच मजकुराकडे नेईल. मग मूळ पत्ता आणि पाहिल्याची तारीख दे, प्रिंट परिशिष्टात जोड.

प्रत उघडताना पत्त्यातले चौदा आकडे नीट बघ. वर्ष, महिना, दिवस, मग तास, मिनिट, सेकंद. 20180611052340 म्हणजे २०१८ च्या जूनची ११ तारीख, सकाळचे ५ वाजून २३ मिनिटं. पण ही वेळ आपली नाही, जागतिक प्रमाणवेळ आहे. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे बडोद्यात तेव्हा १० वाजून ५३ मिनिटं झाली होती. इथे दिवस तोच राहिला. पण रात्री काम करणाऱ्यांच्या बाबतीत दिवसच बदलतो. समजा तू ५ मार्चच्या रात्री १ वाजता एखादं पान स्वतः आर्काइव्हला टाकलंस. तिथे ४ मार्च, १९ वाजून ३० मिनिटं अशी नोंद होईल. तुझ्या वहीत ५ आणि पत्त्यात ४ बघून परीक्षकाला वाटेल की कुठेतरी गडबड आहे. गडबड नसते. पत्त्यातले आकडे मात्र हाताने दुरुस्त करायला जाऊ नकोस. नसलेल्या वेळेचा आकडा टाकलास तर वेबॅक मशीन चूक दाखवत नाही, गुपचूप सगळ्यात जवळच्या प्रतीवर नेऊन सोडतं. तुला वाटतं आपण मागितलेलीच प्रत मिळाली. पान पूर्ण उघडू दे, मग वरच्या पट्टीत कोणती तारीख आहे ती वाच, आणि तेव्हा पत्त्याच्या जागी जो आकडा असेल तो उतरव.

एकाच प्रतीतल्या सगळ्या गोष्टी एकाच दिवसाच्या असतात असंही नाही. मजकूर २०१८ चा, पण त्यातलं छायाचित्र यंत्राने २०२० मध्ये उचललेलं असू शकतं. तू मजकूर उद्धृत करतेस म्हणून तुला फरक पडत नाही. छायाचित्र किंवा तक्ता-चित्र वापरणार असशील तर त्यावर उजवं बटण दाबून ते वेगळ्या टॅबमध्ये उघड आणि त्याचे स्वतःचे चौदा आकडे बघ.

तुझं पान जुनं असल्यामुळे आणखी एक अडचण येऊ शकते. युनिकोड रुळायच्या आधी बऱ्याच मराठी साइट्स आपला खास फॉन्ट घालून चालायच्या. आर्काइव्हमध्ये मजकूर येतो, फॉन्ट येत नाही, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून प्रत निकामी समजू नकोस. तो फॉन्ट कुठला हे कोडमध्ये font face या शब्दांपाशी कळतं, आणि फॉन्ट बदलणाऱ्या साधनाने मजकूर वाचता येतो. संदर्भात शीर्षक वाचता येईल असं देवनागरीतच लिहायचं. चिवडा जसाच्या तसा उतरवलेली संदर्भसूची मी पाहिली आहे. तिचं मुद्रितशोधन करणाऱ्याची मला आजही दया येते.

आता पाहिल्याची तारीख. एपीएच्या सातव्या आवृत्तीत ती सरसकट मागितलेली नाही. मजकूर सतत बदलणारा असेल आणि त्याची गोठवलेली प्रत देता येत नसेल, तेव्हाच द्यायची. तू आर्काइव्हची प्रत देतेस, ती बदलत नाही, म्हणून तारीख लागत नाही. तुझ्या बाकीच्या वेबसंदर्भांत जी पानं अजून जिवंत आहेत, बिनतारखेची आहेत आणि अधूनमधून बदलतात, तिथे ती अशी येईल:

```
बडोद्यातील ग्रंथालये. (दिनांक नाही). संकेतस्थळाचे नाव.
५ मार्च २०२१ रोजी पाहिले, https://example.org/granthalaye.asp
```

विद्यापीठाच्या नमुन्यात प्रत्येक वेबसंदर्भाला पाहिल्याची तारीख सक्तीची असेल, तर वाद न घालता दे. पण मग आर्काइव्हच्या पत्त्यासोबत तू ती आर्काइव्हची प्रत उघडलीस तो दिवस लिही, २०२१ चा नव्हे. पाहिल्याची तारीख ज्या पत्त्याला जोडलेली आहे त्या पत्त्याची असते. एमएलएवाल्यांचं जरा वेगळं आहे. ते ‘दिनांक नाही’ लिहितच नाहीत, जागा सोडून देतात आणि शेवटी पाहिल्याची तारीख घालतात. मैत्रिणीच्या प्रबंधातून नमुना उचलणार असशील तर ती कोणती पद्धत वापरतेय ते आधी विचार.

तुझ्या प्रिंटच्या कोपऱ्यात ब्राउझरने छापलेली तारीख असेलच. तिच्यावर विसंबण्याआधी एक बघ. ती 3/5/21 अशी असेल तर ३ मे की ५ मार्च? ब्राउझर अमेरिकी इंग्रजीत असला की महिना आधी येतो. त्याच काळातली दुसरी एखादी प्रिंट काढ, जिच्यात १२ पेक्षा मोठा आकडा आहे. 3/17/21 दिसलं की महिना आधी, प्रश्न मिटला.

सरांच्या ‘तारखेशिवाय चालणार नाही’ याला उत्तर असं की ‘दिनांक नाही’ म्हणजे जागा रिकामी सोडणं नव्हे, ती नोंदच आहे. इंग्रजीत जिथे n.d. येतं तिथे हे आलं. ‘दि. ना.’ असा संक्षेप वापरायचा असेल तर तो प्रबंधाच्या संक्षेपसूचीत घाल, नाहीतर कोणी ते माणसाच्या नावाची आद्याक्षरं समजेल. सरांना काळाचा काही तरी अंदाज हवाच असेल, तर तो कंसात न कोंबता मजकुरात सांगता येतो:

```
हे पान जून २०१८ मध्ये उपलब्ध होते आणि त्यात फिरत्या
ग्रंथालयांचा उल्लेख आहे (‘बडोद्यातील ग्रंथालये’, दिनांक नाही).
```

एवढं तू पुराव्यानिशी म्हणू शकतेस, त्याहून जास्त नाही. एपीएप्रमाणे शीर्षक तिरक्या अक्षरांत हवं, संदर्भातही आणि कंसातही. देवनागरीचा तिरका टाइप बहुतेक फॉन्टमध्ये नुसता ढकलून वाकवलेला असतो, वाचवत नाही. मी मजकुरात अवतरणचिन्हं वापरते. विभागाला विचार, आणि जे ठरेल ते सगळीकडे सारखं ठेव.

सूचीत ही नोंद ‘ब’ खाली लागेल, शीर्षकाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. एकाच संस्थेची दोन बिनतारखेची पानं असतील तर ‘दिनांक नाही-अ’, ‘दिनांक नाही-आ’, मध्ये जोडरेघ देऊन. त्या संस्थेच्या तारखेच्या नोंदी त्यांच्यानंतर येतात, आधी नाही.

उरलेल्या जिवंत पानांच्या प्रती आजच web.archive.org/save इथे पत्ता टाकून करून घे. आणि केल्यावर प्रत उघडून तुझ्या वाक्यापर्यंत खाली सरक. मला कितीदा असं मिळालंय की प्रत ‘झाली’ आणि आत फक्त ‘पान सापडले नाही’ ही पाटी, किंवा साइटचं मुखपृष्ठ. लॉगिन लागणारी पानं आणि खाली सरकल्यावरच भरत जाणारी पानं सहसा नीट येत नाहीत. त्यांची पीडीएफ काढून ठेव. देवनागरी पत्ता असेल तर कॉपी केल्यावर तो %E0%A4%AC असा फुगतो, एका ‘ब’ची नऊ चिन्हं. घाबरू नकोस, तो बरोबरच असतो. पण रावपुऱ्यातल्या टायपिंगवाल्याला सांग की ओळीच्या शेवटी पत्ता तोडताना आपल्या मनाने जोडरेघ घालायची नाही. त्या एका रेघेने पत्ता मरतो.

बाइंडिंगला देण्याच्या आदल्या दिवशी सगळे पत्ते पीडीएफमधून एकेक दाबून बघ, वर्डमधून नव्हे. आणि ती २०२१ ची प्रिंट जपून ठेव, तोंडी परीक्षेला जाताना बरोबर असू दे.